आकडा, अडचण आणि मागणी : स्टार्टअपचे मासिक प्रगतिपुस्तक

कॅरोसेल म्हणजे मोबाइलवर बोटाने सरकवत एकामागून एक पाहायच्या पानांचा संच. अनेक लहान स्टार्टअप महिन्यातून एकदा असा सात-आठ पानांचा संच तयार करून आपल्या पाठीराख्यांपुढे ठेवतात. गेल्या महिन्यात धंदा किती झाला, काय बिघडले आणि आता कोणती मदत हवी आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. गुंतवणूकदारांना दर महिन्याला पाठवल्या जाणाऱ्या ईमेलमधून ही पद्धत पुढे आली. ईमेल मोजक्या भागधारकांपुरता राहत असे. कॅरोसेलचा वाचकवर्ग मोठा असतो. पहिले ग्राहक, सुरुवातीची रक्कम उभी करून देणारे नातलग आणि मित्र, फुकट सल्ला देणारे जुने सहकारी, कॉलेजातले शिक्षक, एखादा एंजल गुंतवणूकदार, असे सगळेच त्यात येतात. यांतले बहुतेक जण ताळेबंद उघडून वाचत बसत नाहीत, पण दोन मिनिटांत आठ पाने सरकवून पाहतात.

लिंक्डइनवर असा संच पीडीएफ फाइलच्या रूपाने चढवला जातो आणि तिचे प्रत्येक पान सरकवून पाहता येते. इन्स्टाग्रामवर तो छायाचित्रांच्या मालिकेसारखा जातो. 2017 मध्ये तिथे ही सोय आली तेव्हा दहा चित्रांची मर्यादा होती, 2024 मध्ये ती वीस झाली. मासिक वृत्तांताला मात्र आठ पाने पुरतात. त्यांचा क्रमही बहुधा ठरलेला असतो. पहिल्या पानावर महिन्याचे नाव आणि सार सांगणारे एक वाक्य, दुसऱ्यावर मागच्या महिन्यातल्या मागण्यांचे काय झाले ते, तिसऱ्यावर मुख्य आकडा, चौथ्यावर पैसा, पाचव्यावर जमलेले काम, सहाव्यावर अडचण, सातव्यावर नव्या मागण्या आणि आठव्यावर संपर्क व पुढच्या वृत्तांताची तारीख.

या क्रमाला कारण आहे. आकडा पाहून अडचणीचा आकार कळतो, अडचण कळली की मागणीचा अर्थ लागतो. मागणी जर त्या महिन्याच्या अडचणीतून निघालेली नसेल, तर वाचकाला ती आगंतुक वाटते आणि तो पुढे सरकतो. म्हणून चांगल्या कॅरोसेलमध्ये तिसरे, सहावे आणि सातवे पान एकाच धाग्यात ओवलेले असते. हा धागा प्रत्यक्षात कसा दिसतो, हे पुढील कल्पित उदाहरणावरून पाहता येईल.

नाशिकमध्ये चार जणांचे एक स्टार्टअप आहे असे समजू. ते द्राक्षबागेत जमिनीतला ओलावा आणि पानांवरचा ओलेपणा मोजणारे छोटे यंत्र भाड्याने देते. पाणी कधी द्यावे आणि केवडा किंवा भुरीचा धोका कधी वाढतो, याचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. भाडे महिन्याला 800 रुपये. जुलैअखेर पैसे भरणारे 120 ग्राहक होते. ऑगस्टमध्ये 22 नवे आले, 15 सोडून गेले आणि महिनाअखेर 127 राहिले. या ऑगस्टचा वृत्तांत सप्टेंबरच्या पाच तारखेला काढायचा आहे.

मुख्य आकडा कोणता

या स्टार्टअपकडे दाखवण्यासारखे बरेच आकडे असतात. ॲपवर आजवर झालेली एकूण नोंदणी 610 आहे. नवे ग्राहक 22, म्हणजे जुलैअखेरच्या संख्येच्या 18 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही वाचकाला चुकीच्या समजुतीकडे नेतात. एकूण नोंदणीचा आकडा कधीच खाली येत नाही, कारण सोडून गेलेला माणूसही त्यात मोजलेला राहतो. धंदा बुडत असतानाही त्याचा आलेख चढताच दिसतो. नव्या ग्राहकांची टक्केवारी सांगताना गेलेले 15 जण झाकले जातात. ‘द लीन स्टार्टअप’ या 2011 च्या पुस्तकात एरिक रीस यांनी अशा आकड्यांना दिखाऊ आकडे म्हटले आहे. ते पाहून बरे वाटते, पण पुढे काय करायचे ते त्यांवरून ठरत नाही.

मुख्य आकड्याची कसोटी सोपी आहे. काम बिघडले तर तो आकडा खाली यायला हवा. या उदाहरणात पैसे भरणारे ग्राहक हा असा आकडा आहे. तिसऱ्या पानावर तो पूर्ण हिशेबासह येतो : सुरुवातीला 120, आले 22, गेले 15, अखेर 127. निव्वळ वाढ 7, म्हणजे 5.8 टक्के. गळती 120 पैकी 15, म्हणजे 12.5 टक्के. जुलैमध्ये 117 पैकी 4 जण, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के ग्राहक गेले होते. गळती एका महिन्यात साडेतीन पटींहून अधिक झाली आहे, आणि ऑगस्टची खरी बातमी हीच आहे.

आलेखातही अशीच काळजी घ्यावी लागते. मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांची ग्राहकसंख्या 96, 103, 109, 117, 120, 127 अशी आहे. उभी रेषा शून्याऐवजी 90 पासून सुरू केली, तर मार्चचा खांब 6 घरे उंच दिसतो आणि ऑगस्टचा 37 घरे. डोळ्यांना वाढ सहापट वाटते, प्रत्यक्षात ती 32 टक्के असते. खांबांचा आलेख शून्यापासूनच सुरू करावा, आणि त्यात किमान सहा महिने असावेत. एकाच महिन्याचा आकडा एकटा पाहून काहीच समजत नाही.

शेतीशी जोडलेल्या धंद्यात हंगामाचाही विचार करावा लागतो. नाशिक भागात एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर बागायतदाराला रोज निर्णय घ्यावे लागतात आणि यंत्राची मागणी आपोआप वाढते. तेव्हा ऑक्टोबरची तुलना केवळ सप्टेंबरशी केली, तर हंगामाचे श्रेय कंपनीला मिळते. वर्षभराचे आकडे जमल्यावर मागच्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवणे अधिक प्रामाणिक ठरते.

मुख्य आकड्याच्या जोडीला एक आकडा सेवेच्या दर्जाचा हवा. येथे तो ‘चालू यंत्रे’ हा आहे. चालू म्हणजे काय, हे पानावरच एका ओळीत लिहिलेले असते : महिन्याच्या शेवटच्या सात दिवसांत रोज नोंद पाठवणारे यंत्र. ही व्याख्या एकदा ठरली की दर महिन्याला तीच राहावी. बदलावीच लागली, तर त्या महिन्यात जुन्या आणि नव्या दोन्ही व्याख्यांनी येणारे आकडे द्यावेत. जुलैअखेर 120 पैकी 112 यंत्रे चालू होती, म्हणजे 93 टक्के. ऑगस्टअखेर 127 पैकी 98, म्हणजे 77 टक्के. उरलेली 29 बंद.

या हिशेबात एक छुपी त्रुटी आहे आणि ती सगळ्याच सेवांना लागू पडते. सोडून गेलेल्या 15 शेतकऱ्यांपैकी 11 जणांनी यंत्र बंद पडल्यामुळेच सेवा सोडली. पण ते गेले तशी त्यांची यंत्रेही मोजणीतून गळाली. महिन्याभरात सेवा घेतलेल्या सगळ्यांना, म्हणजे 120 अधिक 22 अशा 142 जणांना धरले, तर बंद यंत्रे 29 अधिक 11, म्हणजे 40 होतात. बिघाड 23 टक्क्यांऐवजी 28 टक्के निघतो. जे सर्वाधिक नाराज झाले तेच हिशेबाबाहेर गेल्यामुळे वरचा आकडा बरा दिसत होता. सहाव्या पानावर 40 हाच आकडा यायला हवा.

पैशाचे पान

पैशाच्या पानावर तीन गोष्टी लागतात : जमा झालेली रक्कम, झालेला खर्च आणि हाताशी असलेल्या पैशात किती महिने निघतील तो काळ. या शेवटच्या गोष्टीला स्टार्टअपच्या जगात ‘रनवे’ म्हणतात.

पहिली गल्लत बिल आणि जमा यांत होते. 127 ग्राहकांचे बिल 1,01,600 रुपये होते. यांपैकी 105 जणांनी पैसे भरले, म्हणजे हातात 84,000 आले आणि 17,600 येणे राहिले. पानावर दोन्ही रकमा वेगळ्या लिहाव्यात. येणे रक्कम दोन-तीन महिने वाढत गेली, तर ग्राहक सोडून जाण्याच्या बेतात असल्याची ती आगाऊ सूचना असते.

ऑगस्टचा खर्च 3,24,000 होता असे धरू. त्यातून जमा 84,000 वजा केली की दर महिन्याची तूट 2,40,000 निघते. बँकेत 21,60,000 असतील, तर रनवे नऊ महिन्यांचा. पण ही भागाकाराची संख्या ठरलेला नवा खर्च धरत नाही. यंत्रांची दुरुस्ती आणि त्यासाठी नेमायची माणसे यांवर पुढच्या तीन महिन्यांत 1,37,780 रुपये जाणार असतील, तर ती रक्कम आधीच वजा करावी लागते. मग 20,22,220 उरतात आणि रनवे साडेआठ महिन्यांच्या किंचित आत येतो. अडचणीची किंमत अशी पैशाच्या पानावर उमटली पाहिजे.

हे पान सर्वांसमोर ठेवावे का, हा वेगळा प्रश्न आहे. सोशल मीडियाचे नियोजन करून देणारी ‘बफर’ ही कंपनी आपली उत्पन्ने जाहीर करते, आणि डिसेंबर 2013 मध्ये तिने सगळ्या कर्मचाऱ्यांचे पगारही जाहीर केले. मात्र प्रत्येक कंपनीला हे पेलेल असे नाही. बँकेतली शिल्लक वाचून पुरवठादार उधारी आखडती घेऊ शकतो, मोठा ग्राहक थांबून पाहू शकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन प्रती काढल्या जातात. भागधारकांच्या खासगी प्रतीत शिल्लक आणि रनवे असतो, जाहीर प्रतीत ग्राहक, जमा आणि गळती. दोन्हींतले समान आकडे अगदी सारखेच असायला हवेत. भागधारक दोन्ही प्रती पाहतात, आणि त्यांना फरक आढळला तर पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका येते.

अडचणीचे पान

हे पान लिहिणे सर्वांत कठीण जाते आणि वाचक तेच सर्वांत लक्ष देऊन वाचतात. ‘पावसामुळे काही तांत्रिक अडचणी आल्या, पण त्यांतून खूप शिकायला मिळाले’ असे वाक्य तिथे वारंवार आढळते. त्यातून किती यंत्रे बंद पडली ते कळत नाही, कशामुळे ते कळत नाही आणि पुढच्या पावसात काय होईल तेही कळत नाही. दोष पावसावर गेला आणि कंपनीने काय चुकवले ते राहूनच गेले.

उपयोगी पानावर चार ओळी असतात : काय घडले, कशामुळे, काय बदलले आणि अजून काय समजलेले नाही. आपल्या उदाहरणात त्या अशा होतील. ऑगस्टमध्ये 142 पैकी 40 बागांत यंत्रे बंद पडली. ग्राहकांकडे असलेल्या 29 पैकी 26 यंत्रे उघडून पाहिली, तेव्हा 19 यंत्रांत वायर आत जाते त्या छिद्राच्या रबरातून ओल बॅटरीपर्यंत पोहोचलेली आढळली आणि 7 यंत्रांत सलग ढगाळ दिवसांमुळे सौर पट्टीवर बॅटरी पुरेशी भरली नव्हती. एप्रिलनंतर स्वस्त रबर वापरण्याचा निर्णय कंपनीचाच होता. आता 140 रुपयांचे दुहेरी रबर सगळ्या 127 यंत्रांना बसवले जात आहे, खर्च 17,780 रुपये. 60 यंत्रांचे काम झाले, उरलेले 25 सप्टेंबरपर्यंत होईल. तीन यंत्रे अजून उघडलेली नाहीत आणि नवे रबर फवारणीच्या जोरदार झोतात टिकते का, ते तपासायचे आहे.

यात कंपनीची चूक एका वाक्यात येऊन गेली आहे. त्यापुढे क्षमायाचनेचा परिच्छेद लागत नाही. 25 सप्टेंबर ही तारीखही सहज घातलेली नाही. त्यानंतर बागांमध्ये गोडी छाटणीची धांदल वाढते आणि बंद यंत्राची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. शेवटची ओळ बहुधा टाळली जाते, पण वाचकांपैकी कुणाला तरी त्या ‘न समजलेल्या’ गोष्टीचे उत्तर माहीत असते. बहुतेक उपयुक्त उत्तरे याच ओळीला येतात.

या पानाला काही मर्यादाही पाळाव्या लागतात. ज्यांना बिघाडाचा फटका बसला त्या शेतकऱ्यांना आणि भागधारकांना ही हकिगत आधी थेट कळवावी. ती त्यांनी जाहीर पानावर पहिल्यांदा वाचू नये. कुणी शेतकरी, पुरवठादार किंवा कर्मचारी यांचे नाव येऊ नये. सहकाऱ्याने नोकरी सोडली असेल, तर किती लिहायचे ते त्याला विचारून ठरवावे. तसेच एका महिन्यात एकच मोठी अडचण नीट मांडावी. पाच तक्रारींची यादी दिली, तर कोणती जिवावरची आहे ते वाचकाला उमगत नाही.

मागणीचे पान

‘ओळखीत कुणी असेल तर जरूर कळवा’ आणि ‘पोस्ट शेअर करा’ या मागण्यांना उत्तर क्वचित येते. पहिलीत नेमके कुणाला आठवायचे ते वाचकाला कळत नाही. दुसरी पूर्ण केली तरी कंपनीचा प्रश्न सुटत नाही. मागणी वाचताच एखाद्या ओळखीच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यावा, इतकी ती नेमकी असावी लागते. त्यासाठी चार तपशील लागतात : कोण हवे, कशासाठी, किती वेळ किंवा पैसा आणि कोणत्या तारखेपर्यंत. एका वेळी तीन मागण्या पुरेत.

ऑगस्टच्या अडचणीतून पहिली मागणी सरळ निघते. नाशिक किंवा पुणे भागात पाण्याच्या झोताची चाचणी करणारी प्रयोगशाळा किंवा तसा कक्ष असलेला कारखाना हवा. 10 यंत्रे तपासायची आहेत, एक दिवस, भाडे दिले जाईल, 18 सप्टेंबरपूर्वी. चाचणी कोणती तेही लिहिलेले बरे : ‘आयपी 65’. या खुणेतला पहिला 6 म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे आणि 5 म्हणजे सर्व बाजूंनी येणारा पाण्याचा झोत सोसणे. इतके लिहिले की यंत्रांच्या कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाला आपल्याकडे ही सोय आहे की नाही, ते लगेच सांगता येते.

दुसरी मागणी माणसांची. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत बागेवर जाऊन दुरुस्ती करणारे दोन तंत्रज्ञ हवेत. आयटीआयचे शिक्षण किंवा तितका अनुभव, स्वतःची दुचाकी, सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने, पेट्रोलसह महिना 20,000 रुपये. सेवा सोडलेल्या 11 शेतकऱ्यांनी दुरुस्तीला आठवड्याहून अधिक वेळ लागल्याचे सांगितले होते, त्यातून ही गरज पुढे आली. तिसरी मागणी ओळखीची. किमान 50 द्राक्ष बागायतदार सभासद असलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांशी 20 मिनिटांची भेट हवी. विक्रीसाठी नव्हे, तर बंद यंत्र 48 तासांत बदलून देण्याची हमी त्यांना किती मोलाची वाटते ते विचारण्यासाठी.

ओळख करून देणाऱ्यावरचे काम जितके कमी, तितकी ओळख होण्याची शक्यता अधिक. यासाठी पोस्टच्या मजकुरात जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा छोटा निरोप दिलेला असतो. उदाहरणार्थ : ‘नमस्कार साहेब, माझ्या परिचयाचे एक स्टार्टअप द्राक्षबागेत ओलावा मोजणारी यंत्रे बसवते. बंद यंत्र किती तासांत बदलले तर शेतकऱ्याला चालेल, हे त्यांना आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. फोनवर 20 मिनिटे देता येतील का? आपण होकार दिलात तरच मी त्यांना आपला नंबर देईन.’ या शेवटच्या वाक्याला मोल आहे. ज्याची ओळख मागितली जाते त्याची संमती आधी घेतली, तर मध्यस्थाला संकोच वाटत नाही आणि पुढच्या महिन्यातही तो मदत करतो.

एक मागणी मात्र भारतातल्या खासगी कंपनीने जाहीर पानावर करू नये : ‘आमच्या कंपनीत गुंतवणूक करा.’ 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 42 नुसार खासगी रीतीने समभाग देणाऱ्या कंपनीला त्याची जाहिरात करता येत नाही. प्रसारमाध्यमांतून किंवा विक्रीच्या अन्य मार्गांनी ती गोष्ट जनतेला कळवण्यासही मनाई आहे. असा देकार आधी निश्चित केलेल्या व्यक्तींनाच द्यायचा असतो. पात्र संस्थात्मक खरेदीदार आणि समभाग-योजनेतील कर्मचारी वगळता एका आर्थिक वर्षात 200 पेक्षा जास्त व्यक्तींना तो देता येत नाही. नियम मोडल्यास उभारलेली रक्कम किंवा दोन कोटी रुपये, यांपैकी जी कमी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो आणि पैसे परत करावे लागतात. अमेरिकेत ‘506-सी’ या नियमाखाली 2013 पासून जाहीर आवाहनाला वाव मिळाला आहे, पण तिथेही समभाग घेणारे सगळे ठरावीक संपत्ती किंवा उत्पन्न असलेले गुंतवणूकदार असल्याची खातरजमा करावी लागते. तिकडच्या कंपन्यांची पाने पाहून इकडे नक्कल करणारे याच ठिकाणी अडकतात. निधीविषयीची मागणी भागधारकांच्या खासगी प्रतीतही चार्टर्ड अकाउंटंट किंवा कंपनी सेक्रेटरीच्या नजरेखालून गेल्यावरच घालावी.

पान तयार करताना

पानाचा नेहमीचा आकार 1080 बाय 1350 पिक्सेल, म्हणजे उभ्या मोबाइलवर चांगली जागा व्यापणारा असतो. एका पानावर एक मुद्दा आणि चाळीसच्या आसपास शब्द मावतात. अडचणीचे पान थोडे भरते, पण तेही साठ-सत्तर शब्दांत बसवता येते. बाकीचा तपशील सोबतच्या मजकुरात जातो. देवनागरीला वेलांट्या, मात्रा आणि रफार यांसाठी वर-खाली जागा लागते, त्यामुळे रोमन लिपीसाठी बनवलेल्या साच्यात मराठी मजकूर टाकला की ओळी एकमेकींवर चढतात. पीडीएफ तयार करताना फॉन्ट नीट गेला नाही, तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते. हे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर लक्षात येत नाही. साध्या मोबाइलवर, हात लांब धरून एकदा वाचून पाहणे ही त्यावरची खात्रीची तपासणी.

दुवे पानावर छापून उपयोग नसतो, कारण पान सरकवताना त्यांवर टिचकी लागत नाही. इन्स्टाग्रामच्या मजकुरातलाही दुवा उघडत नाही. म्हणून आठव्या पानावर फोन नंबर किंवा ईमेल मोठ्या अक्षरांत लिहावा आणि कोणत्या मागणीसाठी काय कळवायचे तेही सांगावे. लिंक्डइनवर एकदा चढवलेली फाइल नंतर बदलता येत नाही, फक्त सोबतचा मजकूर दुरुस्त करता येतो. त्यामुळे आकडे लिहिणाऱ्याने सोडून दुसऱ्या कुणीतरी मूळ हिशेबाशी ताडून पाहावेत. महिन्याच्या सुरुवातीला काही रकमा पक्क्या झालेल्या नसतात. त्यांच्यापुढे ‘तात्पुरता’ असे लिहावे. चूक झालीच, तर पुढच्या महिन्यात जुना आणि सुधारलेला आकडा शेजारी शेजारी द्यावा.

दुसरे पान

वृत्तांताचा उपयोग झाला की नाही, हे ‘लाइक’ मोजून कळत नाही. संस्थापकांचे मित्र आनंदाने शंभर लाइक देतात आणि तिन्ही मागण्या तशाच राहतात. मोजायचे ते हे : किती जणांनी मागणीला धरून उत्तर दिले आणि त्यांतून किती कामे झाली. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या पानावर हा हिशेब येतो. ज्यांनी मदत केली त्यांची परवानगी असेल तर आभारासह नावे येतात, आणि जी मागणी पुरी झाली नाही ती का राहिली तेही येते.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीच्या सप्टेंबरच्या कॅरोसेलमध्ये दुसरे पान असे असेल. चाचणीचा कक्ष मिळाला. 10 पैकी 9 यंत्रे टिकली, एकात झाकणाच्या कडेतून पाणी शिरले, म्हणजे रबराचा प्रश्न सुटला आणि झाकणाचा नवा समोर आला. दोन्ही तंत्रज्ञ रुजू झाले. उत्पादक कंपनीच्या अध्यक्षांची भेट झाली नाही, कारण छाटणीच्या दिवसांत कुणाला वेळ नव्हता. मागणी डिसेंबरपर्यंत पुढे ढकलली आहे. तिसऱ्या पानावर आकडे : सुरुवातीला 127, आले 9, गेले 6, अखेर 130. गळती साडेबारावरून 4.7 टक्क्यांवर. चालू यंत्रे 130 पैकी 121, म्हणजे पुन्हा 93 टक्के.

ऑगस्टमध्ये 22 नवे ग्राहक आले होते, सप्टेंबरमध्ये फक्त 9. केवळ नव्या ग्राहकांचा आकडा दाखवणाऱ्या पानावर सप्टेंबर हा वाईट महिना ठरला असता. पूर्ण हिशेब ठेवणाऱ्या पानावर तो सावरण्याचा महिना ठरतो, आणि ऑगस्टची पाने ज्यांनी वाचली आहेत त्यांना ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.